त्या दिवसाचं आभाळ

"तुमाला चहा नाय," सरूबाई म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

उमाला आधी ती चेष्टा वाटली. रविवारी पहाटे स्कूटर टेकडीच्या पायथ्याशी लावून ती वर चढली, की सरूबाईच्या टपरीवर तिचा कप तयार असायचा. टेकडीवरच्या देवीच्या दर्शनाला येणारी माणसं तिथं थांबत, आणि अलीकडे उमाचा ब्लॉग वाचून शहरातून येणारी पोरंही. आज बाकड्यावर सरूबाईचा दीर, ग्रामपंचायतीचा सदस्य कारभारी बसला होता. त्यानं सरकून जागा दिली नाही.

"मॅडम, हा फोटू तुमचाच ना?"

त्यानं मोबाईल पुढं केला. सोनवडीची टेकडी, डावीकडचा कडुलिंब, खाली गाव आणि वर केशरी-जांभळ्या ढगांचं आभाळ. फोटो उमाचाच होता. शिमग्याच्या आठवड्यात ब्लॉगवर टाकलेला. खाली तिनं लिहिलं होतं, 'आजची पहाट, सोनवडी.'

"माझाच आहे. तुमच्याकडे कसा आला?"

"आमच्याकडं नाय आला. खडी क्रशरवाल्याच्या वकिलानं आमच्या तक्रारीच्या सुनावणीत दिलाय. गाव म्हणतं धूळ लई उडायलीय, लेकरं खोकायलीत. वकील म्हणतो, बघा, तुमच्याच गावचं आभाळ किती निर्मळ हाय. बाहेरच्या बाईनं काढलंय, तिचा ना गावाशी संबंध, ना आमच्या क्रशरशी." कारभारीनं मोबाईल खिशात घातला. "आता मला एवढंच सांगा. शिमग्याला हितं ढगाची चिंधी नव्हती. पाऊस गेल्या साली तोंड दाखवून गेला, तवापासून आमी आभाळाकडंच बघत बसलोत. हे ढग तुमाला कुठून घावले?"

उमानं खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी मागं सारली.

"क्रशरवाल्यानं तुमाला काय दिलं?" सरूबाईनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"काही नाही, मावशी. मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही."

"मग ढग फुकट दिले म्हणा."

उमा जिंतूरकर शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. आठवडाभर 'श्वास रोखा, आता सोडा' म्हणत अंधाऱ्या खोलीत उभं राहणाऱ्या या बाईला रविवारची पहाट उजेडात काढायची हौस होती. दौलताबाद, म्हैसमाळ, अजिंठा असं फिरून ती सूर्योदयाचे फोटो काढायची आणि 'पहाटवाट' नावाच्या ब्लॉगवर टाकायची. शहर बिडकीनच्या दिशेनं पसरू लागलं, नवे रस्ते झाले, तशी सोनवडी अर्ध्या-पाऊण तासावर आली. त्याच रस्त्यांना खडी पुरवायला टेकडीच्या पूर्वेला क्रशर आले होते. सूर्य उगवायचा तो नेमका त्यांच्या डोक्यावर.

घरी येऊन तिनं ब्लॉग उघडला आणि जुन्या प्रतिक्रिया संशयानं वाचू लागली. 'आप्पासाहेब' नावाचा एक वाचक सोनवडीच्या प्रत्येक फोटोखाली लिहायचा, 'ताई, आमच्या भागाचं सौंदर्य जगापुढं आणलंत.' ते वाचून तिला बरं वाटायचं. आज तिनं त्या नावावर बोट ठेवलं. उघडलेल्या प्रोफाइलवर त्या माणसाचा हसरा फोटो होता आणि मागं क्रशर नि खडीचा ढीग.

"तू कशात पडू नकोस," नवरा शंतनू म्हणाला. "आज गाव म्हणतंय तू क्रशरवाल्याची. उद्या खरं लिहिलंस की तो म्हणेल तू गाववाल्यांची. तुझं नाव तेवढं जाईल."

दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेबांचा फोन आला. आवाज मधाळ होता. "ताई, तुम्ही गावात गेला होता असं कळलं. आम्ही काय तुमच्याकडून काही मागत नाही. तुम्ही काही लिहू नका, एवढंच. कलाकारानं कलाकारी करायची. खुलासे कशाला द्यायचे?"

ती गावात गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं, हे तिनं विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र टपरीवरचं एकेक तोंड तिला आठवू लागलं.

सुट्टीच्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन सोनवडीला गेली. सरूबाईनं बसा म्हटलं नाही, पण बाकड्यावरची कपबशी उचलली. उमानं लॅपटॉप तिथं ठेवला. कारभारी उभाच राहिला.

"हा त्या दिवशी कॅमेऱ्यात आलेला फोटो," ती म्हणाली.

पडद्यावर मळकट पांढरं आभाळ होतं. सूर्य म्हणजे पिवळट डाग. क्षितिजाच्या वर तपकिरी पट्टा आणि पलीकडचे डोंगर पुसल्यासारखे.

"ह्यो खरा," कारभारी म्हणाला.

"सकाळी आभाळ जमिनीपेक्षा खूप उजळ असतं. आपल्या डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एकदम जमत नाही. गाव नीट दिसावं म्हणून उजेड जास्त घेतला की आभाळ पांढरं फटक पडतं. आभाळ सांभाळलं की गाव काळं होतं. त्यावर सरळ उपाय आहे. एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो काढायचे आणि जोडायचे. आधी मी तेच करायचे. पण त्यानं जे आहे तेच दिसतं. या वर्षी आभाळात धुळीशिवाय काही नव्हतंच. वाचक विचारायला लागले, सूर्य कुठं गेला तुमचा?"

"मग?"

तिनं करून दाखवलं. एका आज्ञेवर प्रोग्रामनं आभाळ ओळखून वेगळं काढलं. आभाळ तेवढं पांढरं आणि बाकी सगळं काळं, असा एक साचा पडद्यावर उमटला. मग तिनं साठवलेल्या आभाळांतून एक निवडलं. ते दोन वर्षांमागच्या श्रावणात अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवर काढलेलं होतं. त्यात उजेड डावीकडून येत होता, इथं सूर्य उजवीकडे होता. तिनं आभाळ आरशासारखं उलटं केलं. साच्यातल्या पांढऱ्या जागी ढग येऊन बसले. कडुलिंबाच्या पानांभोवती फिकट कड राहिली, ती तिनं मऊ केली. शेवटी नव्या आभाळाचा केशरी रंग घरांच्या पत्र्यांवर हलकेच पसरवला, म्हणजे ऊन वरूनच पडल्यासारखं वाटावं.

"आणि हे सगळ्यात वाईट," असं म्हणत तिनं पडद्यावरची एक पट्टी सरकवली. पलीकडचे डोंगर हळूहळू ठसठशीत झाले. "यानं धुरकटपणा जातो. नुसतं आभाळ बदललं असतं, तर खालची धूळ दिसली असती आणि वर-खाली जुळलं नसतं. म्हणून मी धूळही काढली."

कारभारीनं पट्टी मागं न्यायला लावली. धूळ आली. पुन्हा पुढं न्यायला लावली. धूळ गेली. बराच वेळ तो तेच करवत राहिला.

सरूबाई मात्र पडद्याकडे पाहत नव्हती. ती उमाकडे पाहत होती. चैत्रात खोकला हटेना म्हणून ती शहरात गेली होती आणि तिच्या छातीचा फोटो उमानंच काढला होता.

"ताई, दवाखान्यातबी असंच करता का?"

"काय?"

"माझ्या छातीत दुसऱ्या कुणाचं काय घातलं नाय ना?"

उमाचा हात पट्टीवरून खाली आला. "नाही मावशी. तिथं फिकं-गडद करून नीट बघता येतं. आत नसलेलं काही घालत नाही आणि असलेलं काढत नाही."

"मग हितं का काढलं?"

सरूबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. गिऱ्हाईक आलं होतं.

त्याच दुपारी उमानं ब्लॉगवर निवेदन लिहिलं. पहिल्या मसुद्यात कॅमेऱ्याच्या मर्यादांवरच चार परिच्छेद झाले होते. वाचताना तिला ते सबबींसारखे वाटले. तिनं ते खाली ढकलले आणि वर लिहिलं:

'वाचकहो, गेल्या वर्षभरात इथं आलेल्या बहुतेक सूर्योदयांचं आभाळ बदललेलं आहे. जागा खरी, वेळ खरी, पण आभाळ त्या दिवसाचं नाही. ते मीच काढलेलं, पण दुसऱ्या गावचं, दुसऱ्या ऋतूतलं. चित्र म्हणून कुणी असं केलं तर माझं काही म्हणणं नाही, पण तसं सांगायला हवं होतं. मी खाली "आजची पहाट" लिहिलं, ते खोटं होतं. सोनवडीच्या फोटोंतून मी धूळही पुसली आहे. हे फोटो हवा कशी आहे याचा पुरावा म्हणून कुणीही वापरू नयेत. प्रत्येक फोटोशेजारी आता मूळ फोटो ठेवला आहे.'

प्रतिक्रिया आल्या. काहींनी धन्यवाद दिले. पुष्कळांनी फसवलंत म्हणून लिहिलं. एकानं विचारलं, 'आत्ताच का आठवलं? कुणी सांगितलं लिहायला?' आप्पासाहेबांनी काहीच लिहिलं नाही.

सुनावणीला ती निवेदन आणि कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली घेऊन गेली. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग वकील उठला.

"साहेब, या बाई स्वतःच सांगतायत की त्या आभाळ बदलतात. मग हा धुळीचा फोटो तरी खरा कशावरून? धूळ काढता येते, तशी घालताही येते."

"ही कॅमेऱ्याची मूळ फाइल आहे," उमा म्हणाली. "यात तारीख, वेळ, उजेड किती घेतला, सगळं नोंदलेलं असतं."

"कॅमेऱ्यातली तारीख कोण लावतं?"

"मीच."

वकील खाली बसला. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण तुमचा कुठलाच फोटो आता पुरावा म्हणून धरता येणार नाही. हाही नाही आणि तोही." दोन्ही फोटो कागदपत्रांतून बाजूला काढले गेले. हवेतली धूळ मोजायचं यंत्र शाळेच्या गच्चीवर आठवडाभर बसवायचं ठरलं. ते हवा ओढून कागदाच्या गाळणीतून सोडतं, आणि आधी व नंतर कागदाचं वजन करतात, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं.

बाहेर आल्यावर कारभारी म्हणाला, "त्याचा फोटू गेला, लई झालं." आभार मानले नाहीत, पण स्टँडपर्यंत तो तिच्याबरोबर चालत आला.

यंत्र बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. उमा टेकडीवर पोचली, तेव्हा अजून उजाडायचं होतं आणि सरूबाई टपरी उघडत होती. नेहमीची घरघर ऐकू येत नव्हती. क्रशर बंद होते. पूर्वेला आधी राखाडी, मग डाळिंबी रंग चढला. एक लांबट ढग कुठून तरी आला होता, त्याची कड पेटली. पलीकडच्या डोंगरांच्या घड्या एकामागे एक स्पष्ट दिसल्या आणि सूर्य असा वर आला, की सरूबाई चूल सोडून पुढं आली. या टेकडीवरून अशी पहाट उमानं वर्षभरात पाहिली नव्हती. यात काही बदलावं लागलं नसतं.

"यंत्र बसलंय म्हणून बंद ठेवलंय," सरूबाई म्हणाली. "आठवडाभर कसं ठिवतील? रस्त्याचं काम खोळंबंल त्येंचं. बुधवारपस्तोर चालू करतील बघा."

"हो."

"काढायचा नाय का फोटू?"

उमानं कॅमेरा पिशवीतून बाहेर काढला नव्हता. "खाली काय लिहू, मावशी?"

सरूबाईनं त्यावर विचार केल्यासारखं केलं. मग पदर नाकाशी नेऊन खोकली, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि दोन कप भरले. एक तिच्यापुढं सरकवला. दोघी सूर्य चांगला वर येईपर्यंत तिकडे पाहत बसल्या.