द्वारकाबाईंची कण्णी

पदमपुऱ्यातल्या त्या घरात पतंगांचा धंदा होता आणि चाकू एकट्या द्वारकाबाईंच्या ताब्यात. सून रूपा कन्नड गावाहून येऊन सहा वर्षं झाली, तरी तिच्या वाट्याला खळ आणि कागदच. यंदा संक्रांतीच्या तोंडावर मात्र सासूबाईंनी स्वतःहून चाकू पुढं केला.

"वीस कमानी तास. त्यातला एक पतंग उडवून बघीन. झुकला तर वीसच्या वीस फाडीन, अन् पुन्हा चाकू मागायचा नाय."

रूपानं जीव ओतून काम केलं. बांबूच्या कामट्या मधे जाड, टोकांकडं बारीक तासल्या. वाकवल्यावर जी बाजू ताठ वाटली, ती पुन्हा खरवडली. कागदावर उभा कणा चिकटवला, त्यावर कमान ताणून बसवली. कण्णी म्हणजे मांजा जिला जोडतात ती दोरी. ती विसांच्या वीस पतंगांना द्वारकाबाईंनीच बांधली. ते काम त्यांनी आजवर कुणाला करू दिलं नव्हतं. चाकूही परत घेऊन कमरेला खोचला.

सकाळी गच्चीवर रूपानं पतंग दोन्ही हातांनी उंच धरून छुट्टी दिली, द्वारकाबाईंनी मांजा ओढला. पतंग चार हात चढला आणि एका अंगाला कलंडला. पुन्हा सोडला, पुन्हा त्याच अंगाला.

"कमान बिघडली. आण ते वीस इकडं."

 पण रूपानं आधी पतंग उचलला आणि कणा बोटावर आडवा ठेवला. दोन्ही पंख सारखे राहिले. शेपटाकडून डोळा लावून पाहिलं, वाकही सारखा. मग तिनं कण्णी पाहिली. खालची गाठ ठीक होती. वरची गाठ मात्र कणा आणि कमान जिथं एकमेकांवर येतात तिथं, दोन्ही कामट्यांना धरून हवी. ती नुसत्या कमानीला अडकून बोटभर बाजूला सरकली होती. सुईची भोकंच चुकीच्या जागी पडली होती.

चूक सांगावी तर सासूबाईंचा मान जाणार, न सांगावी तर आपला चाकू. रूपाला रडू येईल असं वाटलं.  खाली बसून तिनं मांजाच्या टोपलीतली सुई घेतली, कामट्यांच्या जोडाला तिरपी दोन भोकं पाडली आणि दोरी ओवून गाठ मारली. वरचा दोर खालच्यापेक्षा जरा आखूड ठेवला.

"आत्याबाई, आता बघा," ती सासूबाईंना म्हणाली.

पतंग सरळ वर गेला. द्वारकाबाई लई वेळ ढील देत राहिल्या. मग त्यांनी पतंग उतरवला, वरच्या गाठीवरून अंगठा फिरवला, आणि जुनी भोकंही चाचपली.

"बाकीच्या एकोणीसच्या गाठी कशा हायेत?"

"मी बघते की."

"व्हय, बघ." त्यांनी कमरेचा चाकू काढून रूपाच्या हातात दिला. मग जरा थांबून पदरात टोचलेली सुईही काढून दिली. "मला सकाळच्या उन्हातसुद्धा दिसंना झालंय, पोरी. घरात कुणाला सांगू नको."