ताप उतरला त्या दुपारी

अगं, तू आधी नुसतं ऐक. शिंप्याचा डेंग्यूचा ताप उतरला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याची बायको मात्र धास्तावलेलीच. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, ताप उतरल्यावरच खरं जपायचं. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक अ‍ॅडमिट करा.

दुपारी तो मशीनवर बसला, पोट धरून ओकला, परत ओकला.

"उठा, दवाखान्यात जाऊ."

"वहिनी, तुम्ही दादाला आजारी पाडूनच राहणार!" दीर हसला. "प्लेटलेट ऐंशी हजार आहेत. संध्याकाळचा रिपोर्ट येऊ दे, वीसच्या खाली गेल्या तर नेऊ."

"हो गं, रिपोर्ट बघू," नवराही म्हणाला. तिनं हातातली पिशवी परत खुंटीला अडकवली.

रिपोर्ट आला, सत्तर हजार. "बघा!" दीर म्हणाला. तिनं नवऱ्याचा हात धरला, तर बर्फासारखा गार. रिक्षातच त्याची शुद्ध हरपली.

"रक्तातलं पाणी झिरपून गेलंय, बीपी लागत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "उलट्या होत होत्या तेव्हाच का नाही आणलंत?"

सलाईन धो धो चाललंय, पण डॉक्टर आता आशा देत नाहीत. ती आयसीयूबाहेर बसलीय आणि दीर तिच्याकडे बघत नाही.

सांग ना, दोघंही नको म्हणत असताना तू काय केलं असतंस?