साडेपाचनंतरचं छत

वेणीमाधवरावांची वही सांगत होती की घर गार आहे, आणि प्रतिभाच्या सात महिन्यांच्या ओवीची पाठ घामोळ्यांनी लालभडक झाली होती. वहीवर विश्वास ठेवायचा की पाठीवर, हे सुनेनं विचारायची सोय नव्हती, कारण वही सासऱ्यांची होती.

वेणीमाधवराव, घरात सगळ्यांचे नाना, बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी. द्वारका चौकाजवळच्या इमारतीत त्यांचा फ्लॅट सगळ्यात वरचा. पावसाळ्यात गच्ची गळली, म्हणून दिवाळीनंतर त्यांनी स्वतः उभं राहून स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जाडजूड कोबा घालून घेतला. छत जाड असलं की ऊन आत येत नाही, हे त्यांचं तीस वर्षांच्या नोकरीचं सार होतं.

एप्रिल लागला आणि प्रतिभाचं डोकं फिरायची वेळ आली. कूलर लावला तर खोली दमट व्हायची. एसी लावला तर तोही हरायचा. पंखा वरची धग तेवढी खाली ढकलायचा. डॉक्टरांनी बजावलं, बाळाला गार जागेत झोपवा. गार जागा आणायची कुठून?

मयुरेशनं, तिच्या नवऱ्यानं, गच्चीचं काम करणाऱ्या योगेशला बोलावलं. योगेशनं कोब्यावर हात ठेवला आणि चटकन उचलला.

"वहिनी, हा कोबा वाईट नाही. सावलीत असता तर गारवा धरून बसला असता. पण दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी खाली सोडतो. ऊन आत शिरूच द्यायचं नाही. वर उष्णता अडवणाऱ्या शीट टाकू, त्यावर फरशी, त्यावर पांढरा परावर्तक रंग. शीट जमत नसतील तर निदान रंग तरी मारा. आणि तो धूत राहा, मळला की त्याचा उपयोग कमी होतो."

योगेशनं कामाचा तपशील कागदावर लिहून दिला. पण गच्ची सोसायटीची, म्हणजे त्यावर सही सेक्रेटरींची हवी. नानांनी वही उघडली. बंदुकीसारख्या थर्मामीटरनं छताच्या खालच्या बाजूचं तापमान मोजून रोज सुवाच्य अक्षरात मांडलेलं होतं.

"दुपारी बारा, बाहेर अडतीस, छत चौतीस. कोबा काम करतोय. पांढरा रंग कशाला? डोळे दिपायला?"

प्रतिभानं पानं उलटली. दहा, बारा, दोन, चार. शेवटची नोंद साडेपाचची, सदतीस. त्यानंतर एकही नाही.

"नाना, रात्रीचं कुठंय?"

"साडेपाचनंतर कोण मोजतं?"

तिला रडावं की ओरडावं कळेना. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी हा माणूस ऑफिसच्या वेळेतच छत तपासत होता! साडेपाचला पाय धुऊन गंगेवर, नदीकाठी फिरायला जायचा, परतला की थेट गच्चीत. खाट वर, जेवणाचं ताटही वर, आणि ते पोचवायचं प्रतिभानं. घर तापायचं तेव्हा नाना घरात नसायचेच.

त्या दिवशी तिनं ताट वर नेलं नाही. साडेआठला नाना भुकेनं चिडून खाली आले, तेव्हा ती बेडरूममध्ये थर्मामीटर छताकडे धरून उभी होती. तिनं त्यांच्याच पेनानं वहीत लिहिलं, साडेआठ, बेचाळीस.

"माझ्या वहीत तू लिहायचं नाही!"

"मग तुम्ही लिहा." तिनं ओवीला त्यांच्या हातात दिलं आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं. उद्धटपणा झाला, हे तिला कळत होतं. पण तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

आतून ओवीचं किरकिरणं ऐकू आलं, मग रडणं. मग नानांचं गुणगुणणं. वीस मिनिटांनी तिनं दार ढकललं. नानांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ते वहीच्या पुठ्ठ्यानं नातीला वारा घालत होते.

"आण तो योगेशचा कागद," ते म्हणाले. "सही करतो."

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण प्रतिभाला फक्त थकवा जाणवला. महिनाभर हेच सांगत होतो ना आपण? ती कागद आणायला वळली, तेवढ्यात नाना पुन्हा बोलले, तिच्याशी नव्हे, छताकडे बघून.

"नोकरीत असताना नांदगावकडे मुलींचं वसतिगृह होतं माझ्याकडे. त्याच्यावर असाच कोबा घातला मी. दुपारी तपासायला जायचो, आत गार लागायचं. मुली रात्री अंथरुणं ओढून ओसरीत झोपतात, अशी तक्रार आली." त्यांनी ओवीला छातीशी धरलं. "मुलींनी आतच झोपावं म्हणून मी ओसरीला जाळी ठोकून कुलूप लावायला लावलं."