शकुनचं पिणं

शकुन दीड वर्षाची झाली तरी आईच्या अंगावर पीत होती, आणि तेल्हाऱ्याजवळच्या त्या खेड्यात ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा एकही माणूस नव्हता. तशी त्यात लपवण्यासारखी गोष्ट नव्हती. दोन-दोन वर्षं पिणारी लेकरं घरोघरी होती. पण ते मुलगे होते, नाहीतर शेवटची शेंडेफळं. शकुन पहिली, त्यात मुलगी, आणि तिच्या पाठीवर अजून कुणी नाही. लोकांचं पोट दुखायचं ते इथं.

पिणारं लेकरू अंगावर असलं की कूस लवकर उजवत नाही, हे बायांना कुणी शिकवावं लागत नाही. शकुनची आजी मनकर्णाबाई तर पाच बाळंतपणं काढलेली. तिला नातू हवा होता आणि तो याच वर्षी हवा होता. साता समुद्रांपलीकडं कुठंशी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस साहेबाच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. गावात बैलांच्या शिंगांना चांदी चढली. घरात लक्ष्मी आलेली आणि पाळण्यात वारस नाही, याचा मनकर्णाबाईला भारी राग यायचा. राग कुणावर काढायचा, तर सुनेवर. ती जवळ होती ना!

सून म्हणजे जयवंता. बोलायला कमी, कामाला वाघीण, आणि लेकीच्या बाबतीत एक नंबरची हट्टी.

कार्तिकात पहिल्या वेचणीच्या आधी वावराच्या बांधावर सीतादही झालं. सात खडे मांडले, दहीभात ठेवला, हात जोडले आणि बाया आपापल्या ओळीला, तासाला लागल्या. घटकाभरही झाली नसेल तोच शकुन पऱ्हाटीच्या, कपाशीच्या झाडांतून धडपडत आली, आईचा पदर ओढला आणि साऱ्या वावराला ऐकू जाईल असं ओरडली, "दुदू!"

बाया खदाखदा हसल्या. मजुरीनं आलेल्या एकीनं तोंड घातलंच, "जयवंते, लग्नात अंतरपाटामांगं बसूनबी पाजजो मा तिले!"

जयवंताही हसली आणि तिथंच तासात बसून तिनं लेकीला पदराखाली घेतलं. मनकर्णाबाई मात्र हसली नाही. तिनं सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "ऐक व जयवंते. पौषात कापसाच्या गाड्या अमरावतीले जातीन. तवर पोरीनं सोडलं त बरं. नाई त तिले गाडीत बसवून दुर्गाकडे धाडतो. दुर्गा तुही ननंद हाय, वैरीण नाई. सा महिन्यात पोर समदं विसरून जाईन."

अमरावती म्हणजे बैलगाडीचे चार-पाच मुक्काम. दूध विसरेल ती पोर आईला लक्षात ठेवील होय? घरी येऊन जयवंतानं नवऱ्याकडे, खुशालरावाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण आईपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची.

"मले का पोरगी जड हाय?" तो बैलाची पाठ खाजवत म्हणाला. "पण माय म्हनते त्यात खोटं काय हाय?"

झालं. त्या घरात याच्यापुढं कुणाकडे दाद मागायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईनं कडुनिंबाचा पाला वाटून सुनेच्या छातीला लावला. शकुननं एकदा तोंड लावलं, चेहरा वाकडातिकडा केला, आईचा पदर ओढून सगळं नीट पुसून काढलं आणि पिऊ लागली. मग मनकर्णाबाईनं दुसरा उपाय काढला. पोर तीन दिवस आपल्याजवळ ठेवली, आईच्या जवळ जाऊ दिलं नाही, आणि जयवंताला दिवस उगवायच्या आत वावरात पिटाळलं. शकुन रडून रडून निळी झाली, कण्यांचा घास तोंडातून थुंकून टाकू लागली. इकडे जयवंताची छाती दगडासारखी झाली, काखेपर्यंत कळा गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी ती पऱ्हाटीतच थंडीतापानं काकडत खाली बसली.

गंगूबाईला बोलावणं गेलं. गंगूबाई गावची सुईण. खुद्द खुशालराव तिच्याच हातावर जन्मलेला, त्यामुळे मनकर्णाबाईला चार शब्द सुनवायचा हक्क असलेली गावातली ती एकटीच बाई. आल्याबरोबर तिनं शकुनला उचलून आईच्या मांडीवर टाकलं. पोर अधाशासारखी पिऊ लागली, आणि जयवंताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दुखत होतं म्हणूनही, आणि सुटका झाली म्हणूनही.

"झाड उपटाले आली का व तू, मनकर्णे?" गंगूबाई कडाडली. "दूध एकाएकी तोडलं की मायच्या छातीत गाठ धरते, अन् लेकरू खानं टाकते. दोघीबी जातीन हातच्या. एक-एक येळ सोडव. हफ्त्या-हफ्त्यानं."

"गाड्या पौषात जातीन," मनकर्णाबाई हट्टानं म्हणाली, पण आवाज उतरला होता.

"मंग दोन महिने हायेत. पुरेत."

युक्ती गंगूबाईचीच. कापूस वेचणारी बाई लुगड्याची मोठी ओटी पोटाशी बांधते, वेचलेला कापूस तिच्यात टाकत जाते. ओटी भरू लागली की त्या बाईला मांडीच उरत नाही. "ओटी बांधलेली हाय तवर नाई म्हनजो," गंगूबाईनं जयवंताला शिकवलं. "सोडली की पाजजो. तिनं मांगितलं नाई त तू होऊन देऊ नको. लेकराले नेम समजते, दुष्टावा समजत नाई."

आणि समजलं की! पहिले दोन दिवस शकुननं ओटीवर मुठी आपटल्या. तिसऱ्या दिवशी ती तिला सांभाळायला बांधावर आलेल्या गंगूबाईजवळ बसून ताकातल्या कण्या खाऊ लागली. वाटीतलं गाईचं दूध आधी सांडलं, मग प्यायली. सकाळच्या न्याहारीची वेळ अशी सुटली. आठ दिवसांनी दुपारची सुटली. छाती भरून आली की जयवंता झाडाआड जाऊन हातानं थोडं काढून टाकायची. जीव हलका होण्यापुरतंच, कारण सगळं काढलं तर तेवढंच पुन्हा येतं, असं गंगूबाईनं बजावलं होतं. वर गार पाण्याची घडी ठेवायची. दूध हळूहळू ओसरत गेलं.

पोरीचं तर मार्गी लागत होतं. आईचं काय? शेजारच्या तासात कुणा मजुरणीचं तान्हं रडलं की जयवंताची चोळी ओली व्हायची. दुपारची ती वेळ झाली की तिचे हात आपोआप मंद व्हायचे, मान बांधाकडे वळायची. एकदा तर ओटी अर्धीही भरली नसताना तिनं गाठ सोडली आणि कापूस ढिगावर नेऊन टाकला. मोकळी मांडी घेऊन ती बांधावर लेकीच्या समोर जाऊन बसली. शकुन गंगूबाईच्या तांब्यात सरक्या टाकत होती. तिनं आईकडे पाहून दात काढले आणि पुन्हा सरकी उचलली. गंगूबाईला सगळं दिसलं. म्हातारी म्हणाली, "ऊठ, माय. ऊन कलतं हाय," आणि जयवंता उठून पुन्हा तासाला लागली. त्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

मग पहाटेचं सुटलं. शकुन जागी व्हायच्या आत जयवंता उठून जात्यावर बसायची. उरलं ते फक्त दिवेलागणीचं. दिवसभराची धूळ धुऊन, ओटी सोडून, ती उंबऱ्याजवळ पाय पसरून बसायची आणि शकुन धावत येऊन कुशीत शिरायची. एका हातानं आईच्या गळ्यातली पोत पिरगळायची, दुसरा हात चोळीत. ही एक वेळ आपली राहू दे, असं जयवंता मनाशी म्हणायची. देवाला म्हणायचं धाडस झालं नाही, कारण देवाकडे सासू आधीच नातू मागून बसली होती.

गाड्या भरायच्या गडबडीत ती वेळ कधी गेली, ते जयवंताला नीट सांगताही येईना. एका संध्याकाळी शकुन आजीच्या मांडीवर जेवता जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी आली, चार घोट घेतले आणि वासराचा आवाज ऐकून उठून पळाली. त्यानंतर आलीच नाही. ते चार घोट शेवटचे होते हे आधी कळलं असतं, तर जयवंतानं वासराला गोठ्याबाहेर हाकललं असतं.

गाड्या निघायच्या दिवशी मनकर्णाबाईनं विचारलं, "मांगितलं का तिनं?"

"चार दिस झाले, आत्याबाई. नाई मांगितलं."

"मंग राहू दे इथंच," मनकर्णाबाई म्हणाली. खुशालराव गाडीवर बसला, लेकीच्या गालाला हात लावून निघाला. शकुन आईच्या कडेवर होती, तिथंच राहिली. जयवंता जिंकली होती. घट्ट धरलेली लेक तिची तिच्याजवळच होती, आणि तरी तिला घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं.

महिना गेला. वेचणी संपली, ओटी खुंटीला लागली. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. सासू शेजारी हळद कांडायला गेलेली. शकुन झोपेतून उठून आईच्या मांडीवर येऊन बसली, अंग कोमट, केस घामानं कपाळाला चिकटलेले. आता कुणाचा धाक नव्हता, कुठली गाडी जायची नव्हती. जयवंतानं चोळीची गाठ सोडली. दाबलं तर अजून एक थेंब येत होता. "घे," ती हळूच म्हणाली. "घे ना, माय. दुदू."

शकुननं पाहिलं. बोट लावलं. मग आईनं जवळ घेतलं म्हणून तिनं तोंडही लावलं, आणि तशीच राहिली. ओठ होते, दात होते, पण ओढावं कसं ते तिला आठवेना. तिनं वर आईकडे पाहिलं, जणू यापुढं काय करायचं असतं ते आईनं सांगावं. जयवंताला तरी ते कुठं सांगता येणार होतं? शकुन खुदकन हसली, गालावरचा थेंब हातानं पुसला आणि मांडीवरून उतरून अंगणात पळाली.

दारात सावली पडली. मनकर्णाबाई उभी होती, कधीची कोण जाणे. जयवंता लाजेनं गाठ बांधायला गेली, पण घाईत गाठ बसेना. आता बोलणी खायची, म्हणून तिनं मान खाली घातली.

मनकर्णाबाई आत आली, सुनेसमोर बसली आणि तिनं आपल्या हातानं ती गाठ बांधून दिली.

"ओढाले विसरली न?" तिनं विचारलं.

जयवंतानं मान डोलावली.

"खुशालबी विसरला होता," मनकर्णाबाई म्हणाली. "मीबी असंच देऊन पाह्यलं होतं."