डागासकट फोटो

दुपारी अडीच वाजता ब्रह्मपुरीतली लाईट गेली. दीपिका मडावीचा चुकीचा फोटो त्याआधीच इंटरनेटवर गेला होता.

यूपीएस पिपाणीसारखा वाजत होता. कॉम्प्युटर त्याच्यावर तग धरून होता, पण मोडेम त्याला जोडलेला नव्हता. पडद्यावर फोटो दिसत होता, तो मागे घेण्याची सोय मात्र उरली नव्हती.

"रुबीना, माहा डाग कुठी गेला?" दीपिकाने विचारलं.

रुबीना पडद्याजवळ वाकली. बस स्टँडसमोरचा हा स्टुडिओ तिच्या भावाचा, आरिफचा. पुढे फोटो काढायची खोली, मागे इंटरनेटचे दोन कॉम्प्युटर. फोटोतली दीपिका खळखळून हसत होती, आणि तिच्या ओठांचा डावा कोपरा स्वच्छ सावळा होता. तिथे पंधराव्या वर्षापासून कोडाचा पांढरा डाग आहे. तोंड मिटलं की तो बोराएवढा दिसतो, हसली की गालापर्यंत पसरतो.

दीपिका एका खासगी प्रसूतिगृहात नर्स होती, वय एकोणतीस. माहेर एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या पायथ्याला. ओळखी करून देणाऱ्या एका साइटवर तिने नाव घातलं होतं, ते रुबीनाच्या आग्रहाने. उन्हाळ्यात तिथे विनोद भेटला. नागपुरात विम्याच्या ऑफिसात नोकरी, गाव कोरचीकडचं. तिने पहिल्याच आठवड्यात त्याचे देव किती ते विचारून घेतलं. त्यांच्या समाजात देवांची संख्या सारखी असलेली कुळं भाऊबंद मानतात. दोघांचे देव वेगळे निघाले, म्हणजे सोयरीक होऊ शकत होती. मग पत्रं लांबत गेली. आता त्याने फोटो मागितला होता, आणि आपला आधीच लावला होता. कान मोठे, शर्ट इस्त्रीचा.

मागच्या वर्षी अशाच ओळखीतून चिमूरचा एकजण आला होता. त्याने आरिफच्या स्टुडिओतला फोटो पाहिला होता, त्यात डाग दिसत नव्हता. स्टँडजवळच्या हॉटेलात तो तिच्या डोळ्यांकडे न बघता ओठाच्या कोपऱ्याकडे बघत राहिला आणि गाडी सुटेल म्हणून उठला. चहा तसाच राहिला. विनोदने असं उठून जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. जायचं असेल तर त्याने नागपुरातूनच नाही म्हणावं.

म्हणून त्या दुपारी दोघींनी फोटो एकेक करून उघडले होते.

पहिला तोच स्टुडिओतला. मागे पडद्यावर काश्मीरचं तळं आणि शिकारा.

"कधी गेली होतीस काश्मीरले?"

"नागभीडच्या पुढं नाई गेली त्या साली."

तो बाद झाला. दुसरा दवाखान्याच्या ओळखपत्राचा. निळा पडदा, ओठ घट्ट मिटलेले. डाग होता, पण नीट बघितल्याशिवाय कळत नव्हता. "पोलिसांनी धरून आणल्यावानी दिसून राह्यली," रुबीना म्हणाली. तिसरा आतेबहिणीच्या लग्नातला. चेहरा बरा होता, पण बाकीचे कापल्यावर खांद्यावर एक हात उरला.

"हा हात कोणाचा?"

"मामाचा."

"त्याले काय माहीत मामाचा हाय म्हणून?"

सूरजागडच्या जत्रेतल्या फोटोवर दीपिकाचा फार जीव. मागे डोंगर, वर ढग. पण ती त्यात मण्याएवढी होती. रुबीनाने कापून मोठा केला तेव्हा चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. "डोंगराचं लगन लावाचं असन तर हा धाड," ती म्हणाली.

शेवटचा रुबीनाने स्वतःच्या कॅमेऱ्यात काढलेला. दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर दीपिका बसलेली, मागे दोरीवर वाळणाऱ्या हिरव्या चादरी, उजेड बाजूने आलेला. कोणीतरी काही बोललं आणि ती हसली, तेव्हाचा. डोळेही हसत होते. डाग पूर्ण दिसत होता. एका कोपऱ्यात बादली आली होती, ती रुबीनाने कापायची ठरवली. डोकं ते कंबर एवढंच ठेवायचं, डोळे मधोमध न घेता थोडे वर.

"हाच चांगला हाय," दीपिका बराच वेळ बघून म्हणाली. "अन् हसली की डाग दिसतेच. तोंड मिटून किती दिवस बसू त्याच्यासमोर?"

हा फोटो ठरला. कापायला रुबीनाने तो पुढच्या खोलीत आरिफकडे दिला, त्याने कापून त्याच नावाने परत ठेवला, आणि तिने न बघता पाठवून दिला. मग लाईट गेली.

आरिफला पुढून बोलावलं. तो हात पुसत आला.

"भाऊ, माहा डाग काढला तुमी?"

"हो बाई. सोयरिकीचा फोटो हाय म्हणली ना रुबीना? सोयरिकीच्या फोटोले आपण पयले चेहरा साफ करतोच. चेहरा बदलला नाई मी, फक्त साफ केला."

"साफ काऊन? घाण होती का?"

 सोयरिकीचा फोटो म्हणजे साफ केलेला फोटो, हे आरिफच्या हाताला इतकं पाठ होतं की विचारायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. मूळ फोटोवर त्याने नवा उमटवला होता, म्हणजे कॉम्प्युटरमधला जुनाही गेला. यूपीएसची पिपाणी थांबली आणि पडदा काळा झाला.

"सहा वाजता ऑफिसातून निघाच्या पयले तो साइट बघते," दीपिका म्हणाली. भारनियमनात लाईट यायची वेळ साडेपाच. रोज ती वेळेवर येतेच असं नव्हतं.

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. आरिफने चहा मागवला. तिने घेतला नाही. रुबीना मात्र कपाटातून कॅमेरा काढून आली आणि त्याचा छोटा पडदा तिच्यासमोर धरला. कार्डावर फोटो तसाच होता, बादलीसकट.

"पुसला नाई मी. आळशी हाय म्हणून वाचली तू."

दीपिकाने तेव्हा चहा घेतला.

लाईट साडेपाचच्या थोडी नंतर आली. मोडेमचे दिवे लागायला वेळ लागला, पान उघडायला त्याहून जास्त. तिच्या नावापुढे अजून रिकामी चौकटच होती. खाली इंग्रजीत एक ओळ होती, ती रुबीनाने वाचून सांगितली. फोटो तपासणीसाठी ठेवला आहे, मंजूर झाल्यावरच इतरांना दिसेल.

"म्हणजे त्यानं पायला नाई?"

"कोणीच नाई पायला."

दीपिकाने डोकं टेबलावर टेकवलं आणि तशीच हसत राहिली. रुबीनाने साफ केलेला फोटो काढून टाकला. कार्डावरचा आरिफनेच कापला, या वेळी दीपिका शेजारी उभी होती. फक्त बादली गेली. पाठवण्याआधी त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "बघून घ्या, बाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो मंजूर झाला. त्या रात्री विनोदचं काही आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी रुबीना धावत दवाखान्यात आली.

विनोदने लिहिलं होतं, "फोटो पाहिला. ऑफिसचं नेट बंद होतं म्हणून उशीर. हसायला काय झालं होतं ते समोर येऊन ऐकावं म्हणतो. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. एवढ्या हिरव्या चादरी कोणाच्या?"

डागाबद्दल एक अक्षर नव्हतं. त्याने तो पाहिला होता की उन्हाचा कवडसा समजला, हे पत्रावरून सांगता येत नाही. रुबीना म्हणाली, पाहिलाच असणार. दीपिका म्हणाली, असो, फोटोत आहे ना.

रविवारी ती स्टँडवर बसली होती. एरवी प्रवासात ओढणी डोळ्यांपर्यंत बांधायची तिची सवय, आज ओढणी खांद्यावर होती. नागपूरची गाडी नागभीडहून निघाल्याचं चौकशीच्या खिडकीत सांगितलं. गाडी अजून आलेली नाही.