लेकरू कुणाच्या हाती

यास्मीन शेखनं उन्हाळी चित्रकला शिबिराचं पत्रक तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा शेवटची ओळ तीच ठेवली : 'मुलांच्या सुरक्षिततेची पूर्ण हमी.' सगळेच असं लिहितात, म्हणून तिनंही लिहिलं.

शाळेतली कंत्राटी नोकरी मार्चमध्ये संपली होती. स्वतःच्या नावावर हे तिचं पहिलंच शिबिर. अक्कलकोट रोडवरचा तळमजल्याचा एक हॉल तिनं पंधरा दिवसांसाठी घेतला होता. उन्हं चढायच्या आत मुलं घरी पोचावीत म्हणून वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. पाच ते सात, आठ ते दहा आणि अकरा ते चौदा असे तीन गट. रंग-कागदासह फी बाराशे, सख्ख्या भावंडांत दुसऱ्याला नऊशे. पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, फोनही बरेच आले, पण आठवडाभरात नावं आली फक्त चार. वीस मुलं आली नाहीत, तर हॉलचं भाडंही अंगावर पडणार होतं.

शेवटी तिनं रविवारी सकाळी हॉलमध्येच पालकांना बोलावलं. चौदा जण आले. नणंद जोया लहान गट सांभाळणार होती, तिची ओळख यास्मीननं करून दिली. दहा मुलांमागे एक शिक्षिका, बोथट टोकाच्या कात्र्या, तोंडात गेले तरी अपाय न करणारे रंग, प्रथमोपचाराची पेटी, हे सगळं तिनं दाखवलं. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो कुठं टाकणार नाही, हेही सांगितलं. लोक माना डोलवत होते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या रुक्मिणीताई कुलकर्णी उठल्या. त्या तहसील कचेरीत कारकून होत्या आणि त्यांची मुलगी सहा वर्षांची होती.

"साडेनऊला मी कचेरीला निघालेली असते. मुलीला न्यायला कधी आजोबा येतील, कधी शेजारी," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही तिला कुणाच्या हाती द्याल? आणि कशावरून?"

चेहऱ्यानं ओळखेन असं म्हणायचं यास्मीनच्या ओठांवर आलं होतं, पण शिबिराच्या पहिल्याच दिवशी वीस घरचे चेहरे कुठून ओळखणार? सारवासारव करायचं तिच्या जिवावर आलं. तिनं सरळ सांगून टाकलं, "ताई, हा विचार मी केलाच नव्हता. चुकलं माझं."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मागच्या रांगेतला एक गृहस्थ पत्रकाची घडी घालून निघायच्या बेतात होता. आता हे शिबिर होत नाही, असं यास्मीनच्या मनानं घेतलं.

तेव्हा दाराशी बसलेली एक बाई बोलली. धनलक्ष्मी तिचं नाव. कुंभारीहून लेकीचं नाव घालायला आली होती. एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात ती शिलाईला होती.

"आमच्या कारखान्यात टॉवेलाचा एक गठ्ठा पासाबिगर गेटाबाहेर जात न्हाय," ती म्हणाली. "मग लेकरू कसं जाईल? त्याला बी पास करा की, बाई."

कसा करायचा, तेही तिनंच समजावलं. एकाच नंबराची दोन कार्डं, एक मुलाच्या गळ्यात, दुसरं घरच्यांकडं. नंबर जुळला आणि वहीत सही झाली, तरच मूल सोडायचं. कार्ड नसेल तर आईबापाला फोन, तोवर मूल हॉलमध्येच. रुक्मिणीताईंनी त्यात भर घातली : न्यायला येणाऱ्या तिघांची नावं आणि फोन नंबर अर्जातच घ्यावेत. यास्मीन भराभर लिहून घेत होती. निघालेला गृहस्थ परत खुर्चीत बसला.

त्या दिवशी हॉलमध्येच अकरा नावं लागली. रात्री तिनं पत्रकातली 'पूर्ण हमी' खोडली आणि त्या जागी कार्डाची पद्धत चार ओळींत लिहिली. तीन दिवसांत आकडा तीसला पोचला, तेव्हा तिनं अजून एक शिक्षिका घेतली.

शिबिराच्या चौथ्या दिवशी रुक्मिणीताईंचे दीर पंढरपूरहून अचानक आले आणि पुतणीला न्यायला हॉलवर गेले. कार्ड नव्हतं, अर्जातही त्यांचं नाव नव्हतं. मुलगी 'काका' म्हणून बिलगली, तरी यास्मीननं हात जोडून त्यांना थांबवलं आणि रुक्मिणीताईंना फोन लावला. त्या कामात होत्या, फोन लागायला वीस मिनिटं गेली. दीर तोवर चांगलेच तापले होते. रुक्मिणीताईंनी होकार दिल्यावरच वहीत सही घेऊन यास्मीननं मुलीला सोडलं.

संध्याकाळी रुक्मिणीताईंचा फोन आला, तेव्हा यास्मीन बोलणी खायच्या तयारीनंच बसली होती.

"भावजींना राग आलाय, तो जाईल," त्या म्हणाल्या. "पण मी उद्यापासून कचेरीत निवांत बसेन. तुमचे उपकार आहेत."

उपकार आपले नव्हेत, हे यास्मीनला ठाऊक होतं.

सुट्टीच्या दिवशी ती कुंभारीला गेली. धनलक्ष्मी अंगणात कपडे वाळत घालत होती. लेकीची फी परत घ्या म्हणून यास्मीननं परोपरीनं विनवलं, पण ती ऐकेना. मग यास्मीननं शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळ्या पालकांपुढं तिचं नाव घ्यायची परवानगी मागितली.

धनलक्ष्मी लाजली. हातातला ओला टॉवेल झटकत म्हणाली, "घ्या की. पण त्या दिवशी सकाळी नवाला माझी कारखान्यात पाळी हाय. जरा लवकर घ्या, म्हंजी ऐकून जाईन."