पाचवी स्लाइड

चंदाचं पत्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. अशी अनुत्तरित पत्रं माझ्याकडे आणखीही आहेत, पण ती बहुतेक लग्नपत्रिकांसारखी, उत्तर न देता चालून जाणारी. हे तसं नव्हतं.

चंदा म्हणजे माझे जुने स्नेही भगवंतराव यांची मुलगी. हिवरखेडला शाळेत शिक्षिका आहे. अमरावतीच्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात मी एकतीस वर्षं पगारपत्रकं केली, शिक्षकांचा आयकर काढून दिला, हे तिला वडिलांकडून ठाऊक. तिनं सरळ लिहिलं होतं: काका, आमच्या शाळेतल्या मनोज सरांच्या पत्नीकडे विमा एजन्सी आहे. ते म्हणतात, वर्षाला साठ हजारांची पॉलिसी घ्या, बारा हजार चारशे ऐंशी रुपये कर वाचेल. पंधरा वर्षं भरायचे आहेत. साठ हजार मी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेत. पंचवीस फेब्रुवारीला बचतीचे पुरावे शाळेत द्यायचे आहेत. काय करू? सोबत पगाराच्या उताऱ्याची झेरॉक्स होती.

मी उत्तर लिहायला बसलो. मग वाटलं, आपल्याला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. नियम बदलले, आपण वाचतो खरं, पण वाचणं वेगळं आणि दुसऱ्याला सांगणं वेगळं. चुकलं तर? पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. खण रोज उघडायचा, त्यामुळे ते रोज दिसायचं.

त्याच सुमारास जुईलीचा फोन आला. जुईली माझी पुतणी. अकोल्याला रागिणी मॅडम म्हणून एक सीए आहेत, त्यांच्याकडे काम करते, आणि त्यांचं इन्स्टाग्रामचं पानही तीच सांभाळते.

"बापूकाका, पगारदारांसाठी टॅक्सची मराठी स्लाइड बनवून राहिली मी. दहा स्लाइड, एकामागून एक सरकवायच्या. मजकूर तू लिही."

"मी कशाला? तुमच्याकडे इतकी हुशार माणसं."

"हुशार माणसांचं मराठी वाचलं का तू कधी? 'करदेयता' म्हणतात ते. तू साधं लिहितोस. मॅडम तपासतील."

तपासणारं कुणी आहे म्हटल्यावर मी तयार झालो.

खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांत मला फार आनंद झाला. पहिल्या स्लाइडवर फक्त नाव. दुसरीवर दोन वर्षं: कमावलं ते आर्थिक वर्ष, त्या कमाईचा कर ठरतो ते त्यानंतरचं कर निर्धारण वर्ष. तिसरीवर जुनी आणि नवी करव्यवस्था: नवीत दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत, जुनीत वजावटी आहेत पण दर जास्त, आणि काहीच कळवलं नाही तर नवी धरली जाते. चौथीवर वजावट आणि सूट यांतला फरक. तो मी बाजार समितीच्या काट्यावरून सांगितला. काट्यावर बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, आधी वजा होतं आणि उरलेल्या मालाचे पैसे होतात. वजावट तशी, कर काढण्याआधी उत्पन्नातून जाते. सूट मात्र हिशेब झाल्यावर, निघालेल्या करातून मिळते. जुईलीला हे एवढं आवडलं की तिनं पोत्याचं चित्र काढलं.

पाचवी स्लाइड आयकर कायद्याच्या कलम ८०सीची. भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता, मुलांची शाळेची ट्यूशन फी, असं सगळं मिळून वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट. पुढे आरोग्य विमा, घरभाडे भत्ता, पगार हाती येण्याआधीच कापला जाणारा कर म्हणजे टीडीएस, आणि त्याचा वर्षाचा दाखला म्हणजे फॉर्म सोळा. नववीवर नेहमीच्या चुका.

दहावी स्लाइड मी सहा वेळा लिहिली. ही माहिती सर्वसाधारण आहे, हा वैयक्तिक सल्ला नव्हे, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, निर्णयापूर्वी आपल्या सल्लागाराला विचारा. त्या चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचत असे. आयुष्यभर मला असंच काहीतरी म्हणायचं होतं असं वाटे.

रागिणी मॅडमनी सगळं तपासलं, आकडे बरोबर निघाले. स्लाइड इन्स्टाग्रामवर गेल्या. चारशेच्या वर लोकांनी त्या जपून ठेवल्या, असं जुईलीनं कळवलं, आणि मला अकोल्याला जेवायला बोलावलं. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मी एसटीनं गेलो.

मॅडम कामासाठी बाहेर होत्या. मी त्यांच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीवर करनियमांचं पुस्तक चाळत बसलो होतो. इतक्यात चाळिशी ओलांडलेला एक माणूस आत आला. त्याच्या हातात एक रंगीत प्रिंट होती.

"मॅडम, हे तुमच्याच हापिसाचं हाय ना? खाली नाव तुमचं हाय."

जुईलीनं पाहिलं. "हो, आमचंच."

"मी चंद्रभान. हिवरखेडहून आलो. मंडळी शाळेत हाय माही, चंदा मॅडम. त्याईच्या ग्रुपवर मनोज मास्तरनं हे टाकलं. म्हंते, पाहा, अकोल्याच्या सीएनं लिवलं, पॉलिसी घेतली का टॅक्स वाचते. आता मले सांगा, खरं हाय का हे?"

त्याच्या हातातली ती पाचवी स्लाइड होती. तेवढी एकच.

"खरं आहे," जुईली म्हणाली, "पण जुन्या करव्यवस्थेत. नवी घेतली असेल तर याचा फायदा नाही."

"मंग याच्यावर काऊन नाई लिवलं तसं?"

"तिसऱ्या स्लाइडवर आहे."

"तिसरी कोनाले भेटली? मास्तरनं एवढीच टाकली." तो हसला. "मास्तर हुशार हाय. गनित शिकवते तो."

"शेवटी सूचना पण आहे, सल्लागाराला विचारा म्हणून."

"इचारलं ना जी. बायकोनं अमरावतीच्या एका काकाले पत्र धाडलं. लय जानकार हाय म्हंते तिचे वडील. महिना होत आला, जबाब नाई. मी म्हटलं, मोठे लोक हाय, कायले लिवतीन आपल्याले. ते म्हंते, तसे नाई ते, बिमार असतीन."

जुईलीनं माझ्याकडे पाहिलं नाही, कारण तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी पुस्तक जरा वर धरलं. तो काका मीच, एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी पान उलटलं. चंदाचा पगाराचा उतारा अमरावतीला खणात आहे, आकड्यांशिवाय बोलून काय उपयोग, अशी मी माझी समजूत घातली. ती पुरती खोटीही नव्हती.

"पगाराचा कागद आणलाय का?" जुईलीनं विचारलं.

"तो नाई आनला. झेरॉक्स त्या काकाकडंच हाय."

"मग सोमवारी कागद घेऊन या. मॅडम असतील."

"सोमवारी हरभऱ्याची सोंगनी हाय. पाहातो." हिवरखेडच्या वाटेवरच्या तेल्हाऱ्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून तो निघाला. जाताना मला उगाच नमस्कार करून गेला, वयाकडे पाहून.

तो गेल्यावर मी जुईलीला सगळं सांगितलं.

"काका, तू इथं बसून होतास आणि बोलला नाहीस?"

"नाही."

"कमाल आहे तुझी."

"माझं चुकलं. आणि पाचवीही माझ्यामुळेच अशी झाली. मी पुस्तक लिहिल्यासारखं लिहिलं. तिसरं पान वाचल्याशिवाय कुणी पाचव्यावर जाईल असं मला वाटलंच नाही."

"पुस्तक नाही ना ते. जिथून पाहिजे तिथून फाडतात लोक."

आम्ही त्या दुपारी जेवणाआधी मजकूर पुन्हा घेतला. पाचवीवर वरच, मोठ्या अक्षरात: फक्त जुन्या करव्यवस्थेत. आरोग्य विम्यावर तेच, घरभाडे भत्त्यावर तेच. खाली प्रत्येक स्लाइडवर वर्ष, २०२५-२६. टाकलेली चित्रं तिथं बदलता येत नाहीत, म्हणून जुनी पोस्ट काढावी लागली.

"गेले चारशे लोक," जुईली म्हणाली आणि बटण दाबलं.

शेवटच्या सूचनेत मी एक वाक्य घातलं होतं: आणि ज्याला विचारलं त्यानं उत्तर द्यावं. जुईलीनं ते खोडलं. "हे तू घरी जाऊन कर," म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीनं परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारा समोर घेतला. चंदाचा वर्षाचा पगार अकरा लाख चाळीस हजार. घर स्वतःचं, त्यामुळे घरभाड्याची सवलत नाही. निधीत नव्वद हजार जातात. शाळेत तिची जुनी करव्यवस्थाच लिहिलेली होती. दरवर्षी तीच म्हणून कारकुनानं मागचा अर्ज पुढे चालवला असणार. आमच्या कार्यालयात मीही तेच करत असे.

जुन्या व्यवस्थेत सगळ्या पगारदारांना मिळणारी पन्नास हजारांची प्रमाणित वजावट, अडीच हजार व्यवसाय कर आणि निधी वजा करून, पॉलिसीशिवाय कर एक लाख सोळा हजार चारशे ऐंशी. पॉलिसी घेतली तर एक लाख चार हजार. फरक बारा हजार चारशे ऐंशी. मनोज सरांचा हिशेब रुपयापर्यंत बरोबर होता. मग नवीत काढला. अकरा लाख चाळीस हजारांतून पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट गेली, दहा लाख पासष्ट हजार उरले. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत, म्हणून पूर्ण सूट. कर शून्य.

मी तो चार वेळा काढला. मग जुईलीकडून रागिणी मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा निरोप आला: बरोबर आहे, बँकेचं व्याज आणि इतर उत्पन्न विचारून घ्या.

"फोन कर ना चंदाताईला," जुईली फोनवर म्हणाली.

"फोनवर सांगितलेला आकडा घरी पोचेपर्यंत बदलतो. तिला कागद हवा. तो शाळेत दाखवता येईल."

पत्र लिहायला दुपार लागली. दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले. लिहिलं की कर वाचवण्यासाठी ही पॉलिसी घेण्याचं कारण दिसत नाही, कारण नव्या व्यवस्थेत वाचवायला करच उरत नाही. विम्याची गरज असेल तर तो प्रश्न वेगळा. शाळेत आता व्यवस्था बदलून देतात का ते विचार. नाही दिली, तरी विवरणपत्र भरताना तुला नवी निवडता येते, आणि कापलेला कर परत मिळतो. बँकेचं व्याज वगैरे मिळून एक लाख पस्तीस हजारांच्या वर जात असेल, किंवा जमीन, शेअर विकले असतील, तर हा हिशेब लागू नाही. मग लगेच कळव. रागिणी मॅडमनी आकडे पाहिले आहेत. साठ हजार आईसाठी आहेत, ते तिथेच राहू दे, असं मला वाटतं.

"असं मला वाटतं" हे शब्द मी खोडणार होतो. राहू दिले. त्याखाली लिहिलं की ती पाचवी स्लाइड माझ्याच हातची आहे, आणि शनिवारी अकोल्याला कोपऱ्यात पुस्तक धरून बसलेला म्हातारा मीच होतो. चंद्रभानरावांना सांग, मी आजारी नव्हतो. उत्तर द्यायला घाबरलो, एवढंच.

शेवटी सही केली, पूर्ण नाव लिहिलं, खाली माझा फोन नंबर घातला.

सोमवारी दहा वाजता पोस्टात गेलो. खिडकीवरच्या मुलीनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. "साधं का स्पीड पोस्ट?"

"स्पीड पोस्ट. परवापर्यंत पोचेल का?"

"पोचायला पाहिजे."

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.